लॉस एंजेलिस–मायामी तिकीट, आणि ह्यूस्टनची कोंडी

«आम्ही तिघं टिकिट टू राइड हा रेल्वेमार्ग जोडायचा बोर्डगेम खेळतो, अमेरिकेचा नकाशा. लॉस एंजेलिस–मायामी ठेवलं की दरवेळी न्यू ऑर्लिन्सच्या अलीकडे अडकतो आणि वीस गुण वजा. मोठी तिकिटं ठेवूच नयेत का? दुसऱ्याला नेमकं अडवायचं कुठे?»

ठेवा हो, खुशाल ठेवा. अगदी याच जागी माझे गुण बुडाले आहेत, म्हणून राहवलं नाही.

तिकीट म्हणजे दोन गावं आपल्या डब्यांनी जोडायचं काम, जोडली तर तेवढे गुण मिळतात, नाही तर वजा. या तिकिटाचा सरळ रस्ता म्हणजे लॉस एंजेलिस–एल पासो ६ काळे, एल पासो–ह्यूस्टन ६ हिरवे, ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स २ करडे आणि न्यू ऑर्लिन्स–मायामी ६ लाल. एकूण २० डबे. सगळ्यांचा जीव त्या सहा-सहाच्या मार्गांत अडकतो, कारण एकेकाचे १५ गुण मिळतात. पण ते मार्ग सहसा कोणी पळवत नाही, सहा एकरंगी पत्ते जमवायला वेळ लागतो. पळवतात तो मधला दोनाचा तुकडा. तो करडा आहे, म्हणजे कुठल्याही एका रंगाचे दोन पत्ते पुरतात, आणि रूळ एकेरी. म्हणून हा तुकडा आधी घ्या, अगदी पहिल्या दोन-चार खेळींत. यामुळे तुमचा बेत उघडा पडतो हे खरं. पण लॉस एंजेलिस–एल पासो टाकल्यावर तरी तो कुठे लपलेला असतो?

आता माझं रडगाणं. इंदुरात एका कॅफेत शनिवारी खेळ असायचे (नाव घेत नाही, पोहे बरे मिळायचे). तिथल्या काउंटरवरच्या मुलाने सगळ्यांना शिकवलं की दुहेरी रूळ, म्हणजे दोन गावांमधले शेजारी-शेजारी दोन मार्ग, केव्हाही दोघांना खुले. आम्ही बरेच महिने तसंच खेळलो. मग त्यांनीच स्पर्धा ठेवली, तिघातिघांची टेबलं. माझे ह्यूस्टनपर्यंतचे १२ डबे पडलेले, आणि समोरच्या काकांनी ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स घेतला. मी निवांत होते. डॅलस–ह्यूस्टनचा एक रूळ गेलेला, पण दुसरा रिकामा होता. तिथून लिटल रॉकवरून न्यू ऑर्लिन्स गाठायचं, म्हणजे दोनाऐवजी सहा डबे. मी डबा ठेवला तर आयोजक म्हणतात, «तिघांत दुहेरीचा एकच रूळ चालतो, पुस्तिकेत आहे.» आहेच की पुस्तिकेत! दोन किंवा तीन खेळाडू असतील तर एक रूळ गेला की दुसरा बंद. मग इतके महिने काउंटरवर काय सांगत होतात? त्यावर उत्तर काय, तर खांदे उडवले.

ह्यूस्टनमधून तीनच वाटा निघतात: एल पासो, डॅलस, न्यू ऑर्लिन्स. दोन बंद झाल्या की बसा. एल पासोला मागे जाऊन डॅलस ४, लिटल रॉक २, न्यू ऑर्लिन्स ३, मायामी ६, असे नवे १५ डबे. त्यात एल पासो–डॅलस लाल आणि मायामीही लाल, म्हणजे दहा लाल पत्ते, आणि गड्डीत लाल आहेतच बारा. कुठल्याही रंगाच्या जागी चालणारे इंजिनाचे पत्ते मदतीला येतात, तरी नुसते पत्ते ओढायलाच सात-आठ खेळी जातात. तेवढ्यात काकांचे डबे संपत आले. मिळायचे २० गेले आणि वर २० वजा, म्हणजे चाळिसाचा फरक.

म्हणून जोडीचं तिकीट बघून ठेवा. डुलुथ–ह्यूस्टन (८ गुण) हाती आलं तर मला सर्वांत आवडतं: ह्यूस्टन–डॅलस १, ओक्लाहोमा सिटी २, कॅन्सस सिटी २, ओमाहा १, डुलुथ २. ते पुरं करताना डॅलसचा दरवाजा आपोआप तुमचा होतो. दोन्ही मिळून २८ डबे, ४५ पैकी. डेन्व्हर–एल पासो फक्त ४ गुणांचं असलं तरी सांता फेवरून चारच डब्यांत होतं, तेही चालेल. सिअ‍ॅटल–न्यूयॉर्क मात्र याच्या जोडीला नको. दोन्ही मिळून चाळीस डबे जातात, वळसा घ्यायला हातात काही उरत नाही.

अडवण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. नुसतं अडवण्यासाठी एक-दोन डब्यांपेक्षा जास्त खर्च करू नका. तिघांत तुम्ही दोघं भांडता आणि तिसरा जिंकतो. अडवण्याआधी त्या गावातून किती वाटा फुटतात ते मोजा. नॅशव्हिल–अटलांटा एकाच डब्याचा आहे, पण नॅशव्हिलला इतक्या वाटा आहेत की समोरचा वळसा घालून जातो. ह्यूस्टन किंवा मायामीसारख्या मोजक्या वाटांच्या गावापाशीच अडवण्यात अर्थ. समोरचा उघडे हिरवे पत्ते उचलत सुटला आणि एल पासोला त्याचे डबे असले, तर त्याला बहुधा ह्यूस्टन हवंय. चार-पाच जण असाल तर हे सगळं सैल होतं, कारण दुहेरी रूळ तेव्हा दोन वेगळ्या खेळाडूंना मिळतात. युरोपच्या नकाशावर स्टेशनं असतात, तिथे हा हिशेब लावू नका.

आणि समोरच्याचे डबे बारावर आले की नवी तिकिटं ओढू नका. सहा-सहाचे दोन मार्ग टाकले की त्याचा खेळ संपतो, मग प्रत्येकाला एकच खेळी मिळते.