मुलाला फ्लॅटसाठी २४ लाख: कर्ज म्हणून द्यायचे, तर माफीही कागदावर

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, निवृत्त. पेन्शन महिना ३८ हजार, एफडी ४१ लाखांच्या, आम्हा दोघांचा खर्च ४५ हजार. मुलगा फ्लॅट घेतोय, बँकेचं कर्ज मंजूर होतंय, पण स्वतःच्या वाट्यात त्याला २४ लाख कमी पडतात. ते मी देणार. धाकटी मुलगी आहे, तिच्यावर अन्याय नको म्हणून कर्ज असंच लिहून द्यायचं ठरवलंय. पुढेमागे जमलं तर काही रक्कम सोडूनही देईन. बायको म्हणते, बापलेकात कसला करार? करार करावा का, आणि सोडलेली रक्कम कशी दाखवायची?

उत्तर: करार करा. वहिनींना वाटणारा संकोच मी समजू शकतो, पण हा कागद तुम्हा बापलेकांसाठी नसतोच. तुम्ही दोघं आहात तोवर तोंडी शब्दावर सगळं निभतं. कागद लागतो तो तुमच्यापैकी एक जण नसताना. समजा, मुलाचं काही बरंवाईट झालं आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नसलं, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे फ्लॅट त्याची बायको, मुलं आणि आई यांच्याकडे जातो. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत. तुमचे २४ लाख त्या घरात असूनही वारस म्हणून तुमचा त्यावर हक्क नाही. धनको म्हणून आहे, पण तो कागदावर सिद्ध करता आला तरच. उलट, मृत्युपत्राशिवाय तुम्ही आधी गेलात, तर हे येणं तुमच्या मालमत्तेत धरलं जातं आणि वहिनी, मुलगा, मुलगी यांचा त्यात सारखा वाटा येतो. कागद नसेल तर ‘बाबांनी ते दिलेच होते’ आणि ‘उसने दिले होते’ ही दोन्ही वाक्यं तितक्याच खात्रीने बोलली जातात.

आता तुमचा खिसा. ४१ लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला साधारण २३,९०० रुपये व्याज येतं, म्हणजे पेन्शन धरून हाती जवळपास ६२ हजार. २४ लाख गेल्यावर उरतात १७ लाख, त्यांचं व्याज ९,९०० च्या आसपास, आणि हाती येतात ४८ हजार. खर्च ४५ हजार. आज भागतं, पण एक दवाखाना आला की भागत नाही. म्हणून ‘जमेल तसं दे’ हे वाक्य करारात नको. मुलाने दरमहा १५ हजार मुद्दल परत करावं. मग तुमच्या हाती पुन्हा ६३ हजारांच्या जवळपास येतात. पण हे १५ हजार उत्पन्न नाही, तुमचंच मुद्दल परत येतंय, आणि १६० महिन्यांनी ते संपेल. तेव्हा तुम्ही सत्त्याहत्तरीत असाल. हा हिशोब लक्षात ठेवा, माफीच्या वेळी तो लागणार आहे.

मी तरी व्याज शून्य ठेवेन. असं बिनव्याजी कर्ज दिलं तर आयकर खातं तुमच्या उत्पन्नात काल्पनिक व्याज धरत नाही. व्याज लावलं तरी मुलगा नव्या करप्रणालीत असेल तर स्वतः राहत असलेल्या घरासाठी त्याला त्याची वजावट मिळणार नाही. मात्र ‘व्याज शून्य टक्के’ हे शब्द लिहाच, ती ओळ गाळू नका. आणि व्याज न घेणं हीही एक देणगीच आहे हे स्वतःशी मान्य करा. पहिल्या वर्षी ती दीड लाखाच्या पुढे जाते, आणि मुलीला ती कुठेच दिसत नाही.

करारात फार काही लागत नाही. देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात आणि कोणत्या तारखेला, कोणत्या फ्लॅटसाठी, हप्ता किती आणि तो महिन्याच्या कितव्या तारखेला, व्याज किती. एक कलम असं की कोणतीही माफी लेखी आणि देणाऱ्याच्या सहीची असल्याशिवाय धरली जाणार नाही. हे कलम का, ते पुढे सांगतो. पैसे बँकेतूनच द्या आणि बँकेतूनच परत घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घेतलं किंवा फेडलं, तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बापलेकाचं नातं म्हणून त्यातून आपोआप सुटका नाही. मुद्रांक किती लागेल ते सही करण्याआधी वकिलाला विचारा. महाराष्ट्रात तो रकमेनुसारही लागू शकतो, सरसकट पाचशेचा स्टॅम्पपेपर आणून काम झालं असं समजू नका. कमी मुद्रांकाचा करार कोर्टात पुढे करायची वेळ आली, तर आधी फरक आणि दंड भरावा लागतो.

‘मागेन तेव्हा परत करायचे’ असं मात्र लिहू नका. ऐकायला मोकळं वाटतं, पण मुदतीच्या कायद्यात मागणीवर फेडायच्या कर्जासाठी दावा लावायची तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही मागितल्या दिवसापासून नाही. चौथ्या वर्षी मागायला गेलात तर दावा मुदतबाह्य झालेला असतो. ठरलेल्या हप्त्यांत प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या देय तारखेपासून सुरू होते. तरीही दरवर्षी ३१ मार्चला मुलाकडून एक ओळ सहीनिशी घ्या: ‘आज रोजी मी बाबांना इतके रुपये देणे बाकी आहे.’ मुदत संपण्याआधी दिलेली अशी लेखी कबुली तीन वर्षं नव्याने सुरू करते. मुदत संपल्यावर घेतलेल्या कबुलीने तसं होत नाही.

आता माफी. भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे येणं असलेला माणूस ते पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, बदल्यात काही घेण्याची गरज नाही. अडचण अशी की हे तोंडीही चालू शकतं. दिवाळीत जेवताना तुम्ही ‘राहू दे रे या वर्षीचं’ म्हणालात, तर ते एका वर्षाचे हप्ते सोडणं होतं, पुढे ढकलणं होतं, की नुसता लाड? उद्या सून एक सांगेल, मुलगी दुसरं. करारातलं माफीचं कलम त्यासाठी. हप्ता चुकला आणि तुम्ही गप्प बसलात तर ती माफी नाही, थकबाकी आहे, असं त्यातून ठरतं.

माफीचं पत्र कसं असावं, ते एका उदाहरणावर पाहू. कर्ज १ एप्रिल २०२६ ला दिलं आणि एप्रिलपासून हप्ते सुरू झाले असं धरू. ३१ मार्च २०२९ पर्यंत ३६ हप्ते, म्हणजे ५,४०,००० परत आले, बाकी १८,६०,०००. त्या दिवशी तुम्हाला ५ लाख सोडायचे आहेत. पत्र असं:

‘मी, (नाव), तुला १ एप्रिल २०२६ च्या करारान्वये दिलेल्या २४,००,००० रुपयांपैकी आजअखेर ५,४०,००० रुपये मला बँकेतून परत मिळाले असून बाकी १८,६०,००० रुपये आहे. त्यापैकी ५,००,००० रुपये मी आज माझ्या इच्छेने कायमचे माफ करीत आहे. ही रक्कम मला परत मिळालेली नाही. आजपासून बाकी १३,६०,००० रुपये. हप्ता १५,००० रुपये तसाच राहील, मुदत कमी होईल. करारातील इतर अटी कायम.’

खाली तारीख, तुमची सही, मुलाची ‘पत्र मिळाले, मान्य’ म्हणून सही, आणि दोन साक्षीदार. एक साक्षीदार मुलगी असेल तर फारच उत्तम. ‘ही रक्कम मला परत मिळालेली नाही’ हे वाक्य कोरडं वाटतं, पण गाळू नका. नाहीतर पुढे कोणी विचारेल की ५ लाख कोणत्या खात्यात आले. मुलाने ५ लाख पाठवायचे आणि तुम्ही तेच परत भेट म्हणून द्यायचे, असा फेरा काही जण सुचवतात. त्याची गरज नाही. वडील करकायद्याने ‘नातेवाईक’ असल्याने माफ झालेल्या रकमेवर मुलाला कर पडत नाही. त्याने हे पत्र विवरणपत्राच्या कागदांत ठेवावं, आणि पुढच्या ३१ मार्चच्या कबुलीत १३,६०,००० वरूनच हिशोब धरावा.

सही करण्याआधी मघाचा हिशोब काढा. १३,६०,००० म्हणजे १५ हजारांचे ९० हप्ते आणि शेवटचा १० हजारांचा. माफी दिल्यावर तुमच्या हाती येणारे पैसे दुसऱ्या महिन्यापासून एक रुपयाने कमी होत नाहीत, म्हणून ती सोपी वाटते. ती कापते ते शेवटचे हप्ते. सत्त्याहत्तरीपर्यंत येणारे पैसे चौऱ्याहत्तरीतच थांबतात, नेमके त्या वयात जेव्हा औषधांचा खर्च वाढलेला असेल. म्हणून आत्ताच, करारातच माफी लिहून टाकू नका. वर्षातून एकदा एफडींचा आढावा घ्या, आणि मगच ठरवा.

‘माझ्या पश्चात उरलेली बाकी माफ’ हे मात्र अशा पत्रात चालणार नाही. मृत्यूनंतर लागू होणारी इच्छा मृत्युपत्रातच लिहावी लागते, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. तिथेच मुलीचा प्रश्नही सोडवा. मृत्युपत्र नसेल तर हयातीत मुलाला दिलेली किंवा माफ केलेली रक्कम वाटणीच्या वेळी त्याच्या हिश्श्यातून आपोआप वजा होत नाही. ५ लाख माफ केले तर मृत्युपत्रात ‘मुलीला आधी ५ लाख, मग उरलेल्याचे वाटे’ असं लिहा, आणि दर माफीनंतर तो आकडा बदला.

एक गोष्ट करारावर सही करण्याआधीची. मार्जिन मनीसाठी, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या वाट्यासाठी, वडिलांकडून पैसे आले की बँक अनेकदा ‘ही रक्कम भेट आहे, परत घेणार नाही’ असं पत्र तुमच्याकडून मागते, कारण ते कर्ज असेल तर त्याचा हप्ताही मुलाच्या परतफेडीच्या क्षमतेत मोजावा लागतो. तुम्ही ते भेटपत्र देऊन घरी कर्जाचा करार केलात, तर दोनपैकी एक कागद खोटा आहे, आणि वाद झाला तर समोरचा बँकेतलाच कागद काढेल. मुलाला आत्ताच बँकेत विचारायला सांगा: वडिलांचं कर्ज म्हणून दाखवलं तर १५ हजारांचा हप्ता धरून किती रक्कम मंजूर होते? ती कमी पडत असेल तर फ्लॅटचं बजेट किंवा हप्ता बदलावा लागेल. उत्तर येईपर्यंत एफडी मोडू नका.