ट्रंकेतली पावती

प्रश्न: वडिलांच्या ट्रंकेत 20 वर्षांपूर्वीची एफडीची पावती सापडली. पैसे बुडाले का?

नाही बुडाले. माझे 2024 मध्ये मिळालेत.

मी रिटायर्ड मास्तर. 2003 साली निवडश्रेणीचा फरक मिळाला, त्यातले 20,000 मी 5 वर्षांसाठी 6 टक्क्यांनी ठेवले आणि विसरलो. पण घरात गाजलं काय, तर ते पैसे मी माझ्या धाकट्या भावाला दिले! ही एकवीस वर्षं दर दिवाळीला भाऊ आला की मागून भांडी जोरात वाजायची. मग 2024 मध्ये जुने पेपरचे गठ्ठे काढताना ट्रंकेच्या तळाला, पसरलेल्या वर्तमानपत्राखाली पावती. मुदत 2008 ला संपलेली, मागे सही नाही, म्हणजे मोडलेली नाही असं मी ठासून सांगितलं.

मुलानं लगेच मोबाईलवर 6 टक्क्यांनी एकवीस वर्षांचा हिशोब केला, म्हणे सत्तर हजार. तसं नसतं रे बाबा. 6 टक्के फक्त मुदतीपर्यंत, म्हणजे 26,900 च्या आसपास. पावती आपोआप रिन्यू करायला सांगितलेलं नसेल तर पुढे बचत खात्याचा दर. मुदत संपून 10 वर्षं कोणी विचारलं नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत पाठवते, आणि त्यावर 2018 पासून 3.5, 2021 पासून 3 टक्के साधं व्याज. माझ्या हातात सत्तेचाळीस हजारांच्या आत-बाहेर पडले.

माझी बँक मधल्या काळात दुसरीत विलीन झालेली. विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, त्यावर जुन्या बँकेचं नाव शोधत बसलो, सापडेना, नव्या बँकेत शोधलं तेव्हा नाव दिसलं. तिथे रक्कम वगैरे काही दिसत नाही, फक्त एक नंबर मिळतो. तो घेऊन शाखेत गेलो, पावती, आधार, पॅन, फॉर्म. रिझर्व्ह बँकेकडे आपण जायचं नसतं, आपल्याला बँकच देते आणि नंतर तिकडून वसूल करते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला "आजोबा, इतकी जुनी चालत नाही", मी म्हटलं साहेबांना बोलव. दोन महिने गेले पण झालं.

हां, तुमचं वडिलांचं आहे. ते असतील तर त्यांनीच जायचं, नसतील तर नॉमिनी बघा, नॉमिनी नसेल तर वारसांचे कागद लागतात, तिथे माझा अनुभव नाही. आणि पावती हातात आहे म्हणजे पैसे आहेतच असंही नाही, कोणी हरवली सांगून डुप्लिकेट काढून मोडली असेल तर बँकेच्या रेकॉर्डमध्ये निघेल. त्यामुळे आधी बँकेकडून खात्री करा, मग भावंडांत बोला. मी उलटं केलं.

पैसे जमा झाल्यावर पासबुक भरून आणलं आणि बायकोसमोर ठेवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मग भावजींना दिलेले ते वेगळे होते का?"