रिव्ह्यूला उत्तर नेमके कोणासाठी लिहायचे?

"ग्राहकाने सगळ्यांना दिसेल असा रिव्ह्यू लिहिला आहे, तोही अर्धवट खरा. गप्प बसलो तर कबुली दिल्यासारखे होते, बोललो तर भांडण होते. मी काय लिहू?"

छोटा व्यवसाय चालवणारी माणसे झोप उडाल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा अलीकडे बोलता बोलता बरेचदा हेच बाहेर येते. त्यांपैकी एकांची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

हे गृहस्थ वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. त्यांना एक तारा देऊन ग्राहकाने लिहिले होते: "दुरुस्तीनंतर आठ दिवसांत मशीन पुन्हा बंद. तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. वर पुन्हा पैसे घेतले. निव्वळ लुबाडणूक." प्रत्यक्षात पहिला बिघाड पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात होता आणि नंतर बिघडले ते दाराचे लॉक. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. म्हणजे कामाच्या दृष्टीने यांची बाजू भक्कम होती, आणि नेमकी तीच त्यांची अडचण होऊन बसली होती. दोन्ही बिलांचे फोटो जोडून त्यांनी पानभर उत्तर तयार ठेवले होते.

"त्याने 'लुबाडणूक' हा शब्द मागे घ्यायलाच हवा," ते म्हणाले.

"आणि नाही घेतला तर?"

"तर लोक मला चोर समजतील."

"कोणते लोक?"

"जे वाचतील ते."

"त्यांनी तुम्हाला अजून काही म्हटले आहे का?"

घटना आणि संताप यांच्यामध्ये एक हट्ट दडलेला असतो, असे मानणाऱ्या विचारधारेत माझी घडण झाली आहे. त्यामुळे मी राग शांत करण्याच्या मागे न लागता आधी तो हट्ट शोधते. येथे तो 'त्याने मागे घ्यायलाच हवा' यात होता. तो मनात असेतोवर उत्तर त्या एका माणसाला उद्देशून लिहिले जाते. ते वाचणार असतात मात्र अजून कोणताच निर्णय न झालेले अनोळखी ग्राहक.

पुढच्या भेटीत मी त्यांना पेन्सिल दिली आणि रिव्ह्यूमधली जी वाक्ये घडलेली गोष्ट सांगतात त्यांच्याखाली रेघ ओढायला सांगितले. शेवटचे वाक्य सोडून बाकी सगळ्यांखाली रेघ आली. मग आम्ही त्यांचे उत्तर समोर घेतले. त्यातल्या बहुतेक ओळी त्या शेवटच्या वाक्यावरच खर्ची पडल्या होत्या.

"फोन उचलला नाही, हे खरे आहे?"

"त्या दिवशी फोन घ्यायला कोणी नव्हते."

"तुमच्या उत्तरात हे कुठे आहे?"

त्यांनी पान उलटसुलट करून पाहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे ज्याचे उत्तर खरोखर माझ्याकडे आहे, तेवढेच मी गाळले."

हे वाक्य त्यांच्याच तोंडून यावे म्हणून मी थांबले होते, आणि तसे थांबता येणे हे माझ्या मते या कामातले निम्मे कसब आहे. मी सांगितले असते तर तो केवळ सल्ला ठरला असता आणि पानभर उत्तर दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे टाकले गेले असते.

शेवटी त्यांनी लिहिले ते असे: "नमस्कार. दुरुस्तीनंतर इतक्या लवकर मशीन पुन्हा बंद पडले आणि आमचा फोनही उचलला गेला नाही. फोनची चूक आमची आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत. दुसरा बिघाड दाराच्या लॉकमधला होता आणि तो पहिल्याहून वेगळा होता. हे त्या वेळी आम्ही नीट समजावून सांगायला हवे होते. बिलावरच्या क्रमांकावर फोन केल्यास मी स्वतः बोलेन."

यात 'लुबाडणूक' हा शब्द कुठेही नाही, कारण त्याचा इन्कार करायचा म्हटले तरी तो शब्द आपल्याच हाताने पुन्हा छापावा लागतो. दिलगिरीनंतर 'पण' आलेले नाही. 'तुम्हाला तसे वाटले असल्यास क्षमस्व' ही पळवाटही नाही. ती वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. ग्राहकाचे बिल किंवा पत्ता चारचौघांत मांडणे तर पूर्णपणे टाळलेले आहे, कारण उद्या आपलेही कागद असेच बाहेर येतील, ही धास्ती नव्या ग्राहकाला बसते.

उत्तर लिहून एक रात्र तसेच ठेवावे. गूगलवर मालकाचे उत्तर प्रसिद्ध झाले की रिव्ह्यू लिहिणाऱ्याला सूचना जाते आणि त्याला आपला मजकूर बदलता येतो, त्यामुळे तापलेल्या उत्तराची परतफेड तिथेच होऊ शकते. तशी ती झालीच, तर आपले उत्तर वाढवत बसू नये, उरलेले बोलणे फोनवर करावे. रिव्ह्यू काढून टाकण्याच्या बदल्यात सवलत देऊ करणे गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि ग्राहकाने तेच जाहीर केले तर मूळ तक्रारीपेक्षा ते अधिक महागात पडते.

लिहिणारा आपला ग्राहकच नव्हता अशी खात्री असेल, तर मात्र दिलगिरी व्यक्त करू नये. "आमच्या नोंदीत हे काम सापडत नाही, कृपया बिल क्रमांक फोनवर कळवावा," एवढेच लिहावे आणि बनावट मजकूर म्हणून गूगलकडे तक्रार नोंदवावी. नुसते मत पटत नाही म्हणून केलेली तक्रार तिथे टिकत नाही.