ऑफिसचा राग आणि पलंगावरचा ओला टॉवेल

"मॅडम, नवरा कामावरून येतो तो चेहरा पाडूनच. काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणतो. मग तासाभरात चार्जर जागेवर नाही एवढ्यावरून भांडण पेटतं. ऑफिसचा राग माझ्यावर का? समजवायला गेले की आणखीच भडकतो. मी करू तरी काय?"

कधी बायको विचारते, कधी नवरा, पण आठवड्यातून एकदा तरी हे माझ्या कानावर पडतंच. अशाच एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सहा भेटींमधलं बोलणं इथे थोडक्यात आटवलं आहे. तो एका कंपनीत हिशेब सांभाळायचा, ती शाळेत शिकवायची.

पहिल्या भेटीत दोघांनीही एकमेकांविरुद्ध फिर्यादी मांडल्या. मी निवाडा केला नाही. दोघांना एकेक वही आणायला सांगितली. दोन आठवडे रोज झोपताना दोनच गोष्टी लिहायच्या होत्या: आज बाहेरचा दिवस दहापैकी किती जड गेला आणि आज घरात खटका उडाला का. एकमेकांची वही मात्र बघायची नाही.

14 दिवसांत 5 खटके उडाले होते. त्यातले 4 अशा दिवशी, की दोघांपैकी एकाने तरी दिवसाला 7 किंवा त्याहून जास्त गुण दिले होते. भांडणाचे विषय म्हणजे चार्जर, न उचललेला फोन, पलंगावरचा ओला टॉवेल. हलक्या दिवशीही टॉवेल तोच आणि पलंगही तोच होता, पण त्यावरून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. वह्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर दोघंही बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

हलक्या दिवशीही तितकीच भांडणं निघाली असती, तर मी वेगळ्या वाटेने गेले असते, कारण मग गाठ त्या दोघांमधलीच असते. आणि जिथे जोडीदाराची भीती वाटते, हात उगारला जातो, तिथे 'ऑफिसचा ताण' हे कारण मी ऐकून घेत नाही. पुढे जे सांगते आहे ते अशा घरांसाठी नाही.

ताणलेलं शरीर घराच्या दारात आलं म्हणून सैल पडत नाही. मान आखडलेली असते, श्वास उथळ असतो, मन अजून सावध असतं. अशा अवस्थेत "काय झालं?" हा साधा प्रश्नही उलटतपासणीसारखा वाटतो. रेना रेपेटी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला होता, तो 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांची गर्दी जास्त असलेल्या दिवशी ही माणसं घरी आल्यावर जास्त गप्प, आपल्याच कोशात असायची. म्हणजे प्रत्येक अबोला हा रुसवा नसतो. पुष्कळदा माणूस आतल्या आत निवत असतो. आपण तो रुसवा समजतो आणि खोदून विचारायला लागतो.

म्हणून पहिला बदल अगदी साधा केला. घरी आल्यावर अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही. पण येणाऱ्यानेही एक वाक्य बोलायचं: "आज दिवस जड होता, तुझ्यावर राग नाही." या वाक्याशिवाय तो अर्धा तास समोरच्याला शिक्षेसारखा वाटतो.

खरी कलाटणी तिसऱ्या भेटीत मिळाली. त्याने त्या आठवड्यातला एक प्रसंग सांगायला घेतला.

"साहेबांनी सगळ्यांसमोर माझा तक्ता चुकीचा म्हणून दाखवला. आकडे दुसऱ्या विभागाने दिले होते."

"मग तेव्हाच सांगायचं ना तसं!" ती पटकन म्हणाली.

त्याचे खांदे वर चढलेले मला दिसले. मी दोघांना थांबवलं. तिला म्हटलं, "आता सल्ला द्यायचा नाही. एकच विचारा, त्यात सगळ्यात जास्त काय लागलं?"

तिने विचारलं.

"सगळे बघत होते."

"आणखी?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी काहीच बोललो नाही. समोर दोन ज्युनिअर बसले होते आणि मी नुसती मान हलवत होतो. माझीच मला लाज वाटली."

ती त्याच्याकडे वळली. "आणि घरी आलास की मी तुला नेमकं तेच विचारते. तेव्हाच का नाही बोललास."

त्यानंतर मी मुद्दाम काही बोलले नाही. इतक्या वर्षांत मी एवढं शिकले आहे, की अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं. तो साहेबांवर चिडलेला आहे असं त्यालाही वाटत होतं. प्रत्यक्षात तो स्वतःच्या गप्प बसण्यावर चिडला होता, आणि तिचा चांगल्या मनाने दिलेला सल्ला दर वेळी त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवत होता.

थोड्या वेळाने मी तिला विचारलं, "सल्ला द्यायची एवढी घाई का होते?"

"त्याला असं बघवत नाही मला. लवकर संपावं असं वाटतं."

उपाय सुचवून पुष्कळदा सुचवणाऱ्याचाच जीव शांत होतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्याला ही साधी गोष्टही जमत नाही.

माझा कल स्विस मानसशास्त्रज्ञ बोडेनमान यांच्या विचाराकडे आहे. ताण एकाला आला तरी तो निस्तरायचा दोघांनी, आणि त्याला एक क्रम असतो. मी तो घरगुती करून देते. आधी 20 मिनिटं एकाने सांगायचं, दुसऱ्याने "सगळ्यात जास्त काय लागलं?" याच दिशेने विचारत राहायचं. मग पाचेक मिनिटं बाजू घ्यायची: "मला पण राग आला असता." त्यानंतर विचारायचं, "काय करायचं ते बोलूया, की आज एवढंच पुरे?" शेवटी सांगणाऱ्याने कशाने बरं वाटलं ते सांगायचं, नाहीतर ऐकणारा अंदाजच बांधत बसतो. मधला टप्पा लोक हमखास गाळतात. साहेबांचंही बरोबर असेल, हे सांगायची वेळ ती नव्हे.

शब्द सुचत नसतील तर हात हातात घ्या. 2006 मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग केला. विजेचा सौम्य झटका बसणार या धास्तीत असताना मेंदूची प्रतिक्रिया नवऱ्याचा हात धरल्यावर निवली. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला, पण नवऱ्याच्या हाताइतका नाही, आणि नातं जितकं चांगलं तितका हा परिणाम जास्त होता. भांडण चालू असताना मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका.

त्यांचा घरचा पहिला प्रयोग फसला. तिने दारातच सुरुवात केली, त्याचे बूटही निघाले नव्हते. दुसऱ्यांदा 20 मिनिटांचा दीड तास झाला आणि त्या साहेबांना शिव्या घालत दोघंही आणखी तापून झोपले. तोच प्रसंग तिसऱ्यांदा सुरू झाला की निवणं थांबून घोळणं सुरू झालं असं समजावं. मी त्यांना टायमर लावायला सांगितलं.

सहाव्या भेटीत तो म्हणाला, "परवा हीच आली आणि म्हणाली, आज माझी 20 मिनिटं."

"मग?"

"चौथ्या मिनिटाला मी म्हणालो, मुख्याध्यापकांना सरळ सांगून टाक ना."

"मी नुसता टायमर दाखवला," ती म्हणाली. "सोळा मिनिटं उरली होती."