बैल गेला आणि झोपा केला, वरातीमागून घोडे, तहान लागल्यावर विहीर: तिन्हींचा अर्थ एकच का?

प्रश्न: मुलीच्या स्वाध्यायात 'बैल गेला आणि ____ केला' अशी रिकामी जागा आहे, तिने 'खोपा' लिहिलं आणि ते चूक दिलंय. झोपा म्हणजे नक्की काय? आणि गाइडमध्ये ही म्हण, 'वरातीमागून घोडे' आणि 'तहान लागल्यावर विहीर खणणे' या तिघींचा अर्थ 'वेळ निघून गेल्यावर उपाय करणे' असाच दिलाय. मग 'म्हण कोणत्या प्रसंगी वापराल' या प्रश्नाला तिने वेगवेगळं काय लिहायचं?

आधी रिकामी जागा. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावायचं काटक्यांचं नाहीतर बांबूचं दार. जनावर बाहेर जाऊ नये म्हणून रात्री ते ओढून घ्यायचं. मुलीने खोपा लिहिलं ते अगदीच वेडंवाकडं नाहीये हां, कारण पुढे 'केला' आहे म्हणजे जागी पुल्लिंगी शब्दच हवा, आणि खोपा पुल्लिंगीच. फक्त खोपा हे पाखराचं घरटं, बैल गेल्यावर ते करून काय उपयोग. बरीच मुलं 'झोप' लिहितात, ती मात्र क्रियापदाकडे बघूनच पकडता येते, झोप स्त्रीलिंगी, मग 'झोप केली' व्हायला हवं होतं. म्हण पूर्ण करताना ही युक्ती बऱ्याचदा चालते, 'नाचता येईना ____ वाकडे' मध्ये 'वाकडे' सांगतं की नपुंसकलिंगी शब्द आणा, अंगण. पण 'कानामागून आली आणि ____ झाली' इथे तिचा उपयोग नाही कारण 'तिखट' कुठल्याही लिंगात तिखटच राहतं, ती म्हण पाठच असावी लागते.

आता मुख्य भाग. गाइडचा अर्थ चूक नाही, पण इतका सैल आहे की तिन्ही म्हणी त्यात मावतात आणि मग प्रसंग लिहायची वेळ आली की मूल 'रमेशने आयत्या वेळी अभ्यास केला' हे एकच वाक्य तिन्हींखाली लिहून मोकळं होतं. उशीर तिन्हीकडे आहे, पण उशीर कशाला झाला ते वेगळं आहे. एकच प्रसंग घेऊन दाखवतो, म्हणजे नीट कळेल.

एका मुलाला कॉलेजचा फॉर्म भरायचाय, सोबत उत्पन्नाचा दाखला जोडायचाय, आणि दाखला काही अर्ज केल्या केल्या हातात मिळत नाही हे सगळ्यांना माहितीये. हा पठ्ठ्या महिनाभर काही करत नाही आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कागदपत्रं गोळा करायला धावतो. इथे म्हण बसते ती 'तहान लागल्यावर विहीर खणणे'. गरज आत्ता उभी आहे, वेळ अजून पूर्ण गेलेली नाही, पण जी गोष्ट आधीपासून तयार हवी होती ती आता सुरू केलीये आणि ती इतक्यात होणारी नाही. विहीर एका दिवसात लागत नाही हाच या म्हणीचा जीव आहे. म्हणून जे काम पाच मिनिटांत होतं त्याला ही म्हण लावू नये, पाहुणे आल्यावर पाण्याची बाटली भरली तर कोणी विहीर खणली म्हणत नाही.

पुढे तारीख उलटली, फॉर्म बंद झाला, आणि दोन दिवसांनी दाखला हातात आला. दाखला खरा आहे, सही शिक्का सगळं आहे, पण ज्या कामासाठी हवा होता ते कामच उरलं नाही. हे 'वरातीमागून घोडे'. घोड्यात काही खोट नाही, चांगलं सजवलेलं आहे, पण वरात पुढे निघून गेली आणि घोडं मागून येतंय. बोलताना आपण 'घोडं' म्हणतो, लिहिताना घोडे. गॅदरिंग झाल्यावर नाचाचे ड्रेस शिवून येणं, मीटिंग संपल्यावर रिपोर्ट मेलवर येणं, हे सगळे या म्हणीचे प्रसंग. इथे काही हरवलंच पाहिजे असं नाही, फक्त मोका गेलेला असतो.

आणि तिसरी पायरी. दाखला नव्हता म्हणून त्याची अ‍ॅडमिशन गेली, आणि आता हा सगळ्या कागदपत्रांची फाइल करतोय, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स, स्कॅन करून मोबाइलमध्येसुद्धा. आता म्हणा 'बैल गेला आणि झोपा केला'. यात दोन गोष्टी लागतातच, नुकसान होऊन गेलेलं असणं आणि नंतर केलेली गोष्ट म्हणजे नेमका तोच बंदोबस्त असणं ज्याने ते नुकसान टळलं असतं. बिल्डिंगमधली सायकल चोरीला गेल्यावर कॅमेरा बसवणं हे त्याचं अगदी नेहमीचं उदाहरण. पण सायकल गेल्यावर सोसायटीने पेढे वाटले किंवा बाग केली तर तो झोपा नाही, तो काहीतरी वेगळाच प्रकार आहे :)

मला या म्हणीत एक गोष्ट मात्र नेहमी खटकते. म्हणीतला शेतकरी एकाच बैलाचा धनी आहे असं ती गृहीत धरते. गोठ्यात अजून दोन बैल असतील तर झोपा करणं शहाणपणाचंच आहे की. म्हणून कॅमेरा बसवणाऱ्या सोसायटीला ही म्हण टोमणा म्हणून ऐकवता येते, पण उरलेल्या सायकली वाचणार असतील तर टोमणा थोडा अन्यायाचा होतो. जिथे गेलेली गोष्ट एकुलती एक होती, तिथे म्हण चपखल बसते.

बोलताना लोक पहिली आणि शेवटची म्हण सर्रास एकमेकींच्या जागी वापरतात आणि समोरच्याला कळतंही, त्यात भांडण्यासारखं काही नाही. पण स्वाध्यायात मुलीला दोन प्रश्न विचारायला सांगा: गरज अजून बाकी आहे का? असेल तर विहीर. नसेल तर मग काही गमावलंय का आणि आता त्याचीच राखण चाललीये का? हो असेल तर झोपा, नाहीतर घोडं. उत्तर लिहिताना 'उशीर झाला' एवढ्यावर थांबू नये, काय झालं, मग काय केलं, ही दोन्ही टोकं एका वाक्यात यावीत, उदा. 'पाइप फुटून घरभर पाणी झालं आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळे नळ तपासून घेतले.'

याच घोळात अजून एक म्हण लोक ओढतात, 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'. तिचा वेळेशी संबंधच नाही. तिथे बंब वेळेवर निघाला असेलही, पण भलत्याच ठिकाणी गेलाय. डोकं दुखतंय आणि बाम पायाला चोळतोय, असा प्रसंग असेल तर ती, उशिराच्या यादीत ती घालू नका.