त्याच्या हॉस्टेलच्या मित्रांना पहिल्यांदा भेटताना

प्रश्न: येत्या शनिवारी बॉयफ्रेंडच्या हॉस्टेलच्या मित्रांना पहिल्यांदा भेटणार आहे, वाकडला एकाच्या फ्लॅटवर. इंजिनिअरिंगपासूनची दोस्ती, सात-आठ जण असतील. मी पटकन मिसळणारी नाही आणि मुद्दाम गोड बोलणं मला जमत नाही. चांगलं इम्प्रेशन कसं पडेल?

उत्तर:

आमच्या घरी नवऱ्याच्या हॉस्टेलच्या टोळक्याचा कायमचा अड्डा असतो. त्यामुळे पहिल्यांदा येणारे जोडीदार मी यजमानाच्या बाजूने पाहत आलेय. तू पटकन मिसळणारी नाहीस ही अडचण नाही, उलट बरंच आहे. का ते सांगते.

या संध्याकाळचा निम्मा वेळ जुन्या किश्श्यांत जाणार हे आधीच धरून चाल. मेसची डाळ, वॉर्डनने पकडलेली रात्र, कोणाची तरी एम-थ्रीची केटी. तुला वाटेल, आपण बाहेर पडलोय, आता आपणही काहीतरी भारी सांगायला हवं. इथेच बहुतेकांचं बिनसतं. गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा 2017चा एक अभ्यास आहे. बोलणाऱ्याला वाटतं, समोरच्याने न पाहिलेली गोष्ट सांगितली की तो रंगून ऐकेल. ऐकणाऱ्यांना मात्र स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीच ऐकायला जास्त आवडल्या. न पाहिलेल्या गोष्टीत सांगणारा इतके तपशील गाळतो की चित्रच उभं राहत नाही. म्हणून तुझी लडाखची ट्रिप त्या खोलीत फिकी पडेल, आणि त्यांचा विसाव्यांदा सांगितलेला किस्सा हशा घेऊन जाईल. त्यात तुझा काही दोष नाही.

मग करायचं काय? किस्सा ऐकायचा आणि त्याच्या आतला प्रश्न विचारायचा. आमच्याकडचंच उदाहरण देते. एकदा ड्रॉइंगच्या सबमिशनच्या आदल्या रात्रीचा किस्सा निघाला: सगळ्या शीट्सची जीटी कशी मारली, म्हणजे काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट कशी छापून काढली. एका मित्राची होणारी बायको पहिल्यांदाच आली होती, तासभर फारसं बोलली नव्हती. तिने विचारलं, ‘‘पण रात्री दोन वाजता एवढी मोठी काच आणली कुठून?’’ दोन सेकंद शांतता आणि मग तिघे एकदम ओरडले, ‘‘मेसच्या नोटीस बोर्डाची!’’ पुढे स्क्रू ड्रायव्हर कोणाचा, सकाळी काच परत लावताना तडा कसा गेला, दंड कोणी भरला, असा अर्धा तास निघाला. यातलं निम्मं मीही कधी ऐकलं नव्हतं. ती गेल्यावर सगळ्यांचं मत एकच, ‘‘मस्त आहे रे.’’ ती बोलली असेल जेमतेम दहा वाक्यं.

तोच किस्सा आणखी एका वेळी एका मैत्रिणीच्या नव्या मित्रासमोर निघाला. तो म्हणाला, ‘‘हे तर काहीच नाही, आमच्या कॉलेजात...’’ आणि पाच मिनिटं बोलला. गोष्ट वाईट नव्हती. पण एकाने मोबाइल काढला, दुसरा बर्फ आणायला उठला. त्याला कळलंच नाही आणि त्याने आणखी एक सांगितली.

किस्से चालू असताना तुझं कसं चाललंय हे ओळखायची एक सोपी खूण आहे. कोणीतरी आपणहून तुझ्याकडे वळून ‘‘अगं, त्याचं काय झालं होतं माहितीये का...’’ अशी मागची गोष्ट समजावू लागलं की तू आत आलीस. ते सगळे एकमेकांकडेच बघून हसत राहिले तर मात्र प्रश्नांचा मारा करू नकोस, शेजारच्या एकाशी बोल. आठ जणांशी जमवण्यापेक्षा पहिल्या दिवशी दोघांशी नीट ओळख झाली तरी खूप झालं.

खरा अभ्यास बॉयफ्रेंडकडून करून घ्यायचा आहे, तोही शनिवारच्या आधी. सगळ्यांच्या कुंडल्या नकोत. कोणाची नोकरी नुकतीच गेलीये, कोणाचं लग्न मोडलंय, कोण कोणाशी बोलत नाही आणि जुन्या प्रेयसीला ओळखणारे कोण, एवढं पुरे. ‘काय करतोस सध्या?’ हा साधा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला तर खोली थंड होते. त्याच्याकडून दोन गोष्टी कबूलही करून घे. पहिला अर्धा तास तो तुझ्या शेजारी बसेल, आणि तुझे घरगुती मजेशीर किस्से त्या दिवशी सांगणार नाही. मित्र दिसले की मुलं पार विरघळतात आणि सोबत आलेली मुलगी सोफ्याच्या टोकाला एकटी राहते, हे मी भरपूर पाहिलंय.

हाक मारण्याचं म्हणशील तर ते तुला ‘अगं’ म्हणाले की तूही ‘अरे’वर ये. ‘अहो’ धरून बसलीस तर त्यांनाच अवघडायला होतं. हॉस्टेलची टोपणनावं मात्र पहिल्या दिवशी वापरू नकोस. ‘बोक्या’ म्हणायचा हक्क त्यांनी चार वर्षं एकत्र राहून मिळवलेला असतो. आणि कोणीतरी ‘वहिनी’ म्हणणार, हे नक्की. आवडलं तर हसून सोडून दे. नको असेल तर तिथल्या तिथे ‘‘नावानेच हाक मार रे’’ म्हण. तिसऱ्या भेटीत सांगायला गेलीस तर राग आल्यासारखं दिसतं.

दारू असेल आणि तू घेत नसशील तर ‘‘मी नाही घेत, कोकम आहे का?’’ एवढंच. कारणं देत बसलीस की आग्रह वाढतो. जाताना हातात काहीतरी असू दे, अर्धा किलो बाकरवडी किंवा गावाकडचा चिवडा. महागडी भेट नको, यजमानाला परतफेडीची चिंता लागते.

स्वयंपाकघराबद्दल माझं मत ठाम आहे. ताटल्या लावायला, भजी बाहेर आणायला उठ, पण तिथेच अडकू नकोस. अशा घरांत अजूनही बायका ओट्याशी आणि पुरुष हॉलमध्ये अशी वाटणी नकळत होते. तू भेटायला आलीयेस मित्रांना. वाटणी होतेय असं दिसलं तर बॉयफ्रेंडला हाक मारून कांदा कापायला बसव, सगळे चिडवायला आत येतील.

जुन्या प्रेयसीचं नाव चुकून निघालंच तर सगळे तुझ्या चेहऱ्याकडे बघतील. ऐकू आलं नाही असं नाटक करू नकोस, ते दिसतं. चेहरा नेहमीसारखा ठेव आणि चालू किस्सा पुढे जाऊ दे: ‘‘मग बस मिळाली का शेवटी?’’ काही विचारायचं असेल तर घरी गेल्यावर. चिडवणं मात्र तू, तुझं गाव, तुझं दिसणं यावर येऊन थांबायला लागलं, तर ते थांबवणं हे बॉयफ्रेंडचं काम आहे. तो थांबवतो का, एवढं बघून ठेव.

अडीच-तीन तासांनी, गप्पा रंगात असतानाच निघ. त्याला थांबायचं असेल तर थांबू दे, तू कॅब कर. परतताना डोक्यात सुरू होईल: जास्त गप्प बसले का, तो विनोद फसला का. 2018 साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. पहिल्या गप्पांनंतर माणसं आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच लावतात, आणि हॉस्टेलात एकत्र राहणाऱ्यांमध्येही हा गैरसमज कित्येक महिने टिकला. तेव्हा त्या रात्री बॉयफ्रेंडला ‘काय म्हणाले ते?’ म्हणून पिडू नकोस. सगळ्यांना लगेच इन्स्टावर रिक्वेस्टही पाठवू नकोस. ज्याच्या घरी गेलीस त्याला आणि त्याच्या बायकोला मात्र दुसऱ्या दिवशी एक ओळीचा मेसेज टाक, त्यात भजीचा उल्लेख असला तर उत्तम.