टाकला, फेकला, भिरकावला : चेंडू हातातून कसा सुटतो?

«मुलांसाठी गल्ली क्रिकेटवर गोष्ट लिहितेय. दर ओळीला ‘फेकला’ येतंय. इंग्रजीत टॉस, हर्ल, फ्लिंग, लॉब अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत. मराठीत काय वापरू?»

चार शब्दांना चार शब्द शोधू नका. इंग्रजीत फेकण्याची तऱ्हा क्रियापदाच्या पोटात असते. मराठीत ती बहुतेक वेळा शेजारच्या शब्दात असते: सणकन, अलगद, भिर्रकन. किंवा मागून येणाऱ्या ‘देणे’, ‘मारणे’, ‘टाकणे’ या सहायक क्रियापदांत.

पण क्रिकेटच्या गोष्टीत आधी ‘टाकणे’ आणि ‘फेकणे’ वेगळे करा. गोलंदाज चेंडू टाकतो, क्षेत्ररक्षक फेकतो. २०१९च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मँचेस्टरला धोनी धावचीत झाला, तो एकच चेंडू घ्या. फर्ग्युसनने तो टाकला, धोनीने टोलवला, गप्टिलने धावत येऊन यष्ट्यांवर फेकला. इथे पहिल्या आणि तिसऱ्या क्रियापदाची अदलाबदल केली तर वाक्य नुसते विचित्र होत नाही, गोलंदाजावर आरोप होतो. ‘तो फेकतो’ म्हणजे चेंडू सोडताना त्याचे कोपर नियमापेक्षा जास्त सरळ होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ही मर्यादा १५ अंशांची आहे. गल्लीतही ‘ए, फेकतोस काय, नीट टाक!’ यावरून भांडण जुंपते. तुमच्या गोष्टीत हा प्रसंग आयता मिळेल.

आता मागून येणारी क्रियापदे. घोटाळा सर्वांत जास्त इथे होतो. ‘राजूने चेंडू मिनूकडे फेकला’ म्हणजे तिने झेलावा म्हणून. ‘राजूने मिनूला चेंडू फेकून मारला’ म्हणजे तिला लागावा म्हणून. आबाधुबीत हेच चालते. ‘राजूने चेंडू फेकून दिला’ म्हणजे त्याला तो नकोच होता, आणि ‘फेकून टाकला’ म्हणजे कायमचाच गेला. ‘विकेटकीपरकडे बॉल फेकून दिला’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या मुलाला वाटेल की राजू रागावून निघाला.

फ्लिंगला जवळचे ‘भिरकावणे’. त्यात ‘भिर’ हा आवाज आहे, म्हणून वस्तू गरगरत जाते आणि नेमाची फारशी पर्वा नसते. गोफणीतला दगड भिरकावतात, बाद झाल्यावर बॅट भिरकावतात, चप्पल तर हमखास. यष्ट्यांवर नेम धरून केलेल्या फेकीला मात्र हा शब्द नको. ‘झुगारणे’ कोशात सापडेल, पण आज झुगारतात ती बंधने, चेंडू नव्हे.

हर्लसाठी ‘जोरात फेकला’ यापेक्षा ‘सणकन फेकला’ बरे, कारण त्यात वेग ऐकू येतो. मुलांच्या गोष्टीत असे नादशब्द भरपूर वापरावेत. मराठीची खरी चैन तीच आहे.

लॉबला सुचणारे ‘उंच उडवला’ जपून वापरा. क्रिकेटमध्ये चेंडू उडवणारा फलंदाज असतो, त्यामुळे वाचक बॅट शोधू लागतो. हातातला चेंडू असेल तर ‘अलगद वरून टाकला’ म्हणा. फिरकी गोलंदाजाने तसा टाकला, तर ‘चेंडूला उंची दिली’.

टॉसचे तर दोन अर्थ. नाण्याचा असेल तर नाम ‘नाणेफेक’, पण क्रियापद ‘उडवणे’: नाणे उडवले, नाणेफेक जिंकली. जवळच्या माणसाकडे सहज टाकण्याला मुले फेकणे म्हणतच नाहीत, ती म्हणतात ‘बॉल दे’. दहा पावलांवरून आलेला चेंडूही ‘दिलेला’च असतो. संवादात हे ‘दे’ आले की अर्धे ‘फेकला’ आपोआप गळतात.

समजा, उतारा असा आहे: ‘राजूने बॉल फेकला. मिनूने तो मारला. सोनूने बॉल फेकला. मिनू आउट झाली. तिने बॅट फेकली. राजूने बॉल मागितला. सोनूने फेकला.’

तो असा करता येईल: ‘राजूने बॉल अलगद वरून टाकला. मिनूने तो नळाच्या दिशेने ढकलला आणि धावली. सोनूने उचलून सणकन फेकला तो थेट विटांवर! मिनूने बॅट भिरकावली. “बॉल दे,” राजू म्हणाला. सोनूने सरपटीच दिला.’

‘फेकला’ एकदाच उरला, तोही नेम धरलेल्या फेकीसाठी. शेवटचे ‘सरपटीच दिला’ म्हणजे जमिनीलगत घरंगळत. या चालीला इंग्रजीतल्या तुमच्या चार शब्दांपैकी एकही लागू पडत नाही.